शेवटच्या वर्षासोबत जेएमएफसीची तयारी: आधी कोणते विषय घ्यावेत?

गोदाकाठ | 12 ऑगस्ट 2025, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाचवं सत्र सुरू झालंय. या सत्रात सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, आणि लिमिटेशन, म्हणजे मुदतीचा कायदा, आहे, सहाव्यात साक्ष्य कायदा, शिवाय ड्राफ्टिंग आणि मूट कोर्टाच्या वह्या. आतापर्यंत एकही विषय राहिलेला नाही.

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग, म्हणजे जेएमएफसी, व्हायचं हे पहिल्या वर्षापासून पक्कं आहे. आमच्या घरच्या जमिनीचा दावा तालुका कोर्टात चौदा वर्षं चालला. आजोबांबरोबर तारखेला जायचे तेव्हापासून हे डोक्यात आहे.

एका ओळखीच्या मुलीकडून क्लासचं वेळापत्रक मिळालं. त्यात पहिले तीन महिने संविधान आणि न्याय संहिता, मग करार, आणि सीपीसी अगदी शेवटी, जानेवारीनंतर. म्हणजे कॉलेजात मी ऑर्डर 7 शिकत असणार आणि घरी मूलभूत हक्क वाचत असणार. सकाळी कॉलेज, दुपारी घरचं काम, अभ्यासाला हातात जेमतेम तीन तास उरतात. दोन वेगळे अभ्यास त्यात बसत नाहीत, हे दोन आठवड्यांत कळलं.

मग सुरुवात कशाने करावी? आणि तीन वर्षं वकिलीची अट आता आलीच आहे, तर आत्ता वाचलेलं तोपर्यंत टिकेल का?

अभ्यासू_लातूर | 12 ऑगस्ट, रात्री 11:15

ताई, तुम्ही उगाच घाबरलात. तीन वर्षांची अट वकिलांसाठी आहे. फ्रेश पदवीधरांना वेगळी वाट आहे: सगळ्या परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास, शेवटच्या वर्षाला 55 टक्के आणि वय 25 च्या आत. तुमचा एकही विषय राहिलेला नाही म्हणजे तुम्ही त्यात बसता. निकाल लागला की लगेच फॉर्म भरा. त्यामुळे पूर्व परीक्षेला धरूनच अभ्यास करा. 100 प्रश्न, दोन तास, चुकलं की गुण कापतात. न्याय संहिता आणि साक्ष्य पाठ करा, बाकीचं मागाहून बघू.

जुनी सनद | 13 ऑगस्ट, सकाळी 7:05

लातूरकर, तुम्ही सांगताय तो नियम खरा होता, आपल्या राज्याच्या 2008 च्या न्यायिक सेवा नियमांत तसंच होतं. पण 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात निकाल दिला आणि ती वाट बंद झाली. आता कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षं वकिली हवी. त्या तारखेआधी सुरू झालेल्या भरतीला हे लागू नाही, पुढच्या सगळ्या जाहिरातींना लागू आहे. गोदाकाठ, तू नवीन नियमातच धरून चाल.

त्या निकालातल्या दोन गोष्टी तुझ्या नियोजनाला थेट लागतात. तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची आहेत, बार परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही. आणि वकिलीचा दाखला देणाऱ्या वकिलाची स्वतःची किमान दहा वर्षं झालेली हवीत, त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं अनुमोदन हवं. कुणा न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून काम केलंस तर तोही काळ धरला जातो.

याचा अर्थ काय ते बघ. मे-जूनमध्ये परीक्षा, निकाल, मग सनद, असं धरलं तर घड्याळ 2026 च्या पावसाळ्यानंतर सुरू होणार. शेवटच्या सत्रात एखादा विषय राहिला तर सनद सहा महिने पुढे आणि तीन वर्षंही सहा महिने पुढे. मधल्या काळात जाहिरात निघून गेली तर पुढची केव्हा येईल ते कुणाच्या हातात नाही. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. या वर्षी कॉलेजचा अभ्यास आधी. ड्राफ्टिंगची वहीसुद्धा वेळेवर दे, दरवर्षी कुणाची ना कुणाची त्या वहीपायी पदवी अडकते.

आणि कॉलेजचे विषय नशिबाने तेच आहेत जे पुढे लागणार आहेत. क्लासचं वेळापत्रक बाजूला ठेव. ते निकालानंतर सहा महिन्यांत परीक्षेला बसणाऱ्यांसाठी बांधलेलं आहे, तुझ्याकडे चार वर्षं आहेत.

पिंपळपान | 13 ऑगस्ट, सकाळी 9:30

मीपण शेवटच्या वर्षाला आहे, पण बी.ए.च्या. राज्यसेवेसाठी आधी इतिहास घ्यावा की राज्यघटना? आयोग एकच आहे ना, म्हणून इथे विचारतो.

तालुका कोर्ट | 13 ऑगस्ट, सकाळी 10:10

पिंपळपान, ही परीक्षा वेगळी आहे, कायद्याची पदवी लागते. राज्यसेवेचा अभ्यासक्रम आणि हा, दोघांचा फारसा संबंध नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे जाणकार भेटतील.

गोदाकाठ, मी सात वर्षं तालुक्याला वकिली करते. वय 33, मुलगा चार वर्षांचा. 35 ची मर्यादा अंगावर येते आहे. तुझ्या वयात मला कुणी सांगायला हवं होतं ते सांगते. मी कॉलेजात असताना न्याय संहितेच्या जागी असलेल्या जुन्या दंड संहितेवर चार महिने घालवले, कारण ती वाचायला सोपी जाते. चोरी, खून, फसवणूक, उदाहरणं गोष्टीसारखी असतात. सीपीसी उघडली की झोप यायची म्हणून ती मागे पडत गेली. पहिल्या पूर्व परीक्षेत सीपीसी, लिमिटेशन आणि भाडे नियंत्रण कायद्याचे प्रश्न आले आणि मी अंदाजाने गोल भरत बसले. त्या अंदाजांनीच घात केला.

मग कोर्टात रोज सीपीसी दिसायला लागली. कैफियत दाखल करायला 30 दिवस, कोर्टाने वाढवून दिले तरी 90, हे मी पाठ केलेलं नाही. पक्षकार 28 व्या दिवशी नोटीस घेऊन आला तेव्हा ते डोक्यात बसलं ते कायमचं.

मांडवीचा वारा | 13 ऑगस्ट, दुपारी 1:20

पणजीहून लिहितो. आमच्याकडची परीक्षा उच्च न्यायालयामार्फत होते, आयोगामार्फत नाही, आणि कोकणी यायला लागते. गोव्यात पती-पत्नीच्या मालमत्तेला पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागतो, वारसा आणि इन्व्हेंटरीसाठी 2012 चा वेगळा कायदा आहे, आणि भाड्याचाही आमचा 1968 चा. त्यामुळे माझ्या यादीत हे तीन सगळ्यात वर होते. महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा तसाच सगळ्यात वर ठेवायचा का?

जुनी सनद | 13 ऑगस्ट, रात्री 9:50

वारा, तुमच्याकडे तो क्रम बरोबर आहे, कारण तुमचे वारसा आणि मालमत्तेचे कायदे गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या वाटणीत येतात. आमचा भाडे कायदा 60 कलमांचा. पूर्व परीक्षेसाठी त्यातली कलम 15, 16, 24, 33 आणि 55 नीट आली की बरंच हाताशी येतं. तो आधी वाचून ठेवला तर सहा महिन्यांत विसरला जातो. परीक्षेच्या वर्षातच घ्यावा, किंवा सिनियरच्या ऑफिसात पहिला भाडेकरूचा दावा आला की त्या आठवड्यात.

माझा क्रम ठरवायचा निकष एवढाच आहे: जे समजून घ्यायला लागतं ते आधी, जे निव्वळ लक्षात ठेवायला लागतं ते शेवटी. सीपीसी, साक्ष्य, करार आणि मालमत्ता हस्तांतरण हे समजून घ्यायचे विषय. लिमिटेशनच्या अनुसूचीतली 137 आर्टिकल्स, शिक्षेच्या मुदती, भाडे कायद्याचे दिवस हे लक्षात ठेवायचं. समजलेलं चार वर्षं राहतं, फक्त पाठ केलेलं राहत नाही.

अभ्यासू_लातूर | 13 ऑगस्ट, रात्री 10:25

20 मे च्या निकालाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, दुरुस्तीबद्दल आभार. आज पूर्ण निकाल वाचला.

पण सर, सीपीसी म्हणजे 158 कलमं आणि 51 ऑर्डर. नुसती समजून घ्यायची म्हटली तरी सत्र संपेल. कशापासून सुरू करणार?

जुनी सनद | 14 ऑगस्ट, सकाळी 6:50

पहिल्या पानापासून नाही. दावा ज्या वाटेने जातो त्या वाटेने वाचायची. वादपत्र ऑर्डर 7, समन्स 5, कैफियत 8, मुद्दे 14, पुरावा 18, निकाल 20. एवढं दोनदा वाचून झालं की मग मागे येऊन कलम 9, 10, 11, आणि मग अर्ज: ऑर्डर 6 रूल 17, ऑर्डर 7 रूल 11, ऑर्डर 39. ऑर्डर 21 एकटी 106 रूल्सची आहे, ती कॉलेजच्या परीक्षेला लागेल तेवढी घे आणि बाकी ज्युनिअरशिपमध्ये दरखास्ती चालवताना वाच.

पण एक अडचण आहे. एकेक कायदा असा सुटा वाचला की मुख्य परीक्षेत तोच माणूस अडकतो. तिथे 100-100 गुणांचे दोन पेपर असतात आणि प्रश्नात माणसं, तारखा, कागद असतात, कुठला कायदा लागतो ते तुम्ही शोधायचं असतं. म्हणून मी ज्युनिअर मुलांना एक गोष्ट देतो आणि त्या एका गोष्टीवर चार कायदे वाचायला लावतो. इथेही देतो.

सुरेशने रमेशकडून जमीन घ्यायचं ठरवलं. 5 मार्च 2022 ला साठेखत झालं, पाच लाख इसार दिला, खरेदीखत 30 जून 2022 पर्यंत करायचं असं लिहिलं. साठेखत नोंदवलेलं नाही. ताबा रमेशकडेच. जून उलटला, रमेश टोलवाटोलवी करत राहिला. जानेवारी 2023 मध्ये रमेशने वकिलामार्फत नोटीस दिली की व्यवहार रद्द. फेब्रुवारीत दलाल जमीन दाखवायला माणसं आणतोय हे कळल्यावर सुरेशने फक्त मनाईचा दावा लावला, जमीन तिसऱ्याला विकू नये एवढ्याच मागणीचा. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये तो करारपूर्तीचा दावा लावायला निघाला.

प्रश्न दोन. मुदत आहे का? आणि पहिल्या दाव्याची अडचण येते का? कॉलेजच्या नोट्स न बघता लिहा.

अभ्यासू_लातूर | 14 ऑगस्ट, सकाळी 8:40

मुदत आहे. आर्टिकल 54, तीन वर्षं, नकार कळल्यापासून. नकार जानेवारी 2023 मध्ये, म्हणजे जानेवारी 2026 पर्यंत. आणि थोडा उशीर झालाच तर कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज देता येतो.

गोदाकाठ | 14 ऑगस्ट, सकाळी 11:30

मी लायब्ररीत बसून बेअर अ‍ॅक्ट उघडला. आर्टिकल 54 च्या तिसऱ्या रकान्यात दोन गोष्टी आहेत. पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, तशी तारीख नसेल तरच नकार कळल्यापासून. इथे तारीख ठरलेली आहे, 30 जून 2022. मग तीन वर्षं 30 जून 2025 ला संपली, नाही का? ऑगस्टमधला दावा मुदतबाह्य. आणि कलम 5 मी आत्ता परत वाचलं, त्यात अपील आणि अर्ज असं आहे, दावा नाही.

हे वाचताना एक लक्षात आलं. मी आर्टिकल 54 ‘तीन वर्षं’ एवढंच पाठ केलं होतं. तिसरा रकाना कधी वाचलाच नव्हता.

जुनी सनद | 14 ऑगस्ट, रात्री 9:15

बरोबर. लातूरकरांची चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती पाठांतरामुळे होते. पहिला रकाना दाव्याचा, दुसरा मुदतीचा, तिसरा मुदत सुरू कधी होते त्याचा. परीक्षेत आणि कोर्टात भांडण बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यावर असतं. एक वळण लक्षात ठेवा: दोघांनी मिळून तारीख वाढवून दिल्याचं लेखी असेल तर ठरलेली तारीखच बदलते. मूळ प्रश्नात तसं काही नाही.

ऑर्डर 2 रूल 2 बद्दल कुणी बोललं नाही, म्हणजे एकाच कारणावरच्या सगळ्या मागण्या एकाच दाव्यात करायच्या हा नियम. फेब्रुवारी 2023 ला पूर्ततेची तारीख उलटून गेली होती आणि नकारही आला होता. म्हणजे करारपूर्ती मागण्याचं कारण त्या दिवशी पूर्ण होतं. तरी त्याने मनाईपुरतंच मागितलं आणि बाकीची मागणी राखून ठेवायला कोर्टाची परवानगी घेतली नाही. विर्गो इंडस्ट्रीजच्या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ अशाच गोष्टीत दुसरा दावा अडवला. पहिला दावा अजून चालू असला तरी बाधा येते हेही त्यात आहे. म्हणजे मुदत असती तरी सुरेश अडचणीतच होता.

तालुका कोर्ट | 14 ऑगस्ट, रात्री 10:00

सर, इथे मी थोडी वेगळी आहे. रत्नावती विरुद्ध कविता घनश्यामदास, 2014 चा निकाल, त्यात मनाईच्या दाव्याचं कारण आणि करारपूर्तीचं कारण वेगळं धरलं आणि ऑर्डर 2 रूल 2 लागू केली नाही. माझ्या एका प्रकरणात समोरच्या वकिलांनी तोच दाखवला. शेवटी पहिल्या वादपत्रात काय लिहिलंय त्यावरच जातं.

जुनी सनद | 14 ऑगस्ट, रात्री 10:30

मान्य. तिथे मागणाऱ्याकडे ताबा होता आणि ताबा वाचवायला मनाई मागितली होती, हा फरक महत्त्वाचा. मुख्य परीक्षेत दोन्ही लिहा आणि आपल्या गोष्टीतले मुद्दे कुठल्या बाजूला जातात ते सांगा. आणि पहिलं वादपत्र पुराव्यात आणल्याशिवाय ही बाधा घेता येत नाही, हे 1964 च्या गुरबक्ष सिंग प्रकरणात आहे. तिथे सीपीसी आणि पुरावा एकत्र येतात.

याच गोष्टीवर पुढे चला. साठेखताने मालकी येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं, म्हणजे टीपीएचं, कलम 54. नोंदणी नसलेलं साठेखत करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतं, नोंदणी कायद्याच्या कलम 49 चं परंतुक. पण सुरेशकडे ताबा असता आणि त्याने 53-अ चं संरक्षण मागितलं असतं, तर 2001 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसल्यामुळे ते मिळालं नसतं. दोन कलमं, एकच कागद, दोन वेगळी उत्तरं. सुरेश स्वतः तयार होता का, हे स्पेसिफिक रिलीफच्या कलम 16(क) खाली त्याला सिद्ध करावं लागेल. जून 2022 मध्ये त्याच्या खात्यात बाकीचे पैसे होते का, हा उलटतपासातला पहिला प्रश्न. इसार परत हवा असेल तर कलम 22 प्रमाणे तो वादपत्रातच मागायला हवा. आणि दावा चालू असताना रमेशने जमीन विकली तर टीपीएचं कलम 52, त्याच्याखाली छापलेली महाराष्ट्राची दुरुस्ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एका साठेखतावर सीपीसी, लिमिटेशन, स्पेसिफिक रिलीफ, टीपीए आणि साक्ष्य. मुख्य परीक्षेचा पहिला पेपर बराचसा इथेच आहे. म्हणून म्हणतो, या सत्रात सीपीसी आणि लिमिटेशन कॉलेजसोबत, आणि त्याला जोडून करार, टीपीए, स्पेसिफिक रिलीफ अशा गोष्टींमधून. वेगळा वेळ त्यांना द्यायचा नाही.

गोदाकाठ | 15 ऑगस्ट, दुपारी 4:00

आज सुट्टी होती, बसून पूर्ण गोष्ट वहीत उतरवली. डाव्या पानावर तारखा आणि कागद, उजव्या पानावर कलमं. टीपीए मी दुसऱ्या वर्षी पास झाले होते, पण 53-अ आणि कलम 49 शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

फौजदारीचं काय? माझ्याकडे जुन्या संहितांच्या सिनियर मुलींच्या नोट्स आहेत. नवे कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले. जुनं टाकून द्यायचं का?

अभ्यासू_लातूर | 15 ऑगस्ट, दुपारी 4:45

माझ्या मते फक्त नवीन वाचा. खून 302 ऐवजी 103, फसवणूक 420 ऐवजी 318(4), एफआयआर 154 ऐवजी 173. दोन्ही आकडे डोक्यात ठेवले तर ऐन परीक्षेत गोंधळ होतो. 

तालुका कोर्ट | 15 ऑगस्ट, रात्री 9:40

परीक्षेपुरतं ठीक आहे, पण तिला तीन वर्षं कोर्टात उभं राहायचंय. माझ्या टेबलावरच्या फौजदारी फाइलींत बहुतेक गुन्हे 1 जुलै 2024 च्या आधीचे. गुन्हा आधीचा तर कलम 302 च लागतं. 1 जुलैला खटला सुरू असेल तर त्याला जुनी प्रक्रिया आणि जुना साक्ष्य कायदाच लागतो, सुरक्षा संहितेच्या 531 आणि साक्ष्य अधिनियमाच्या 170 मध्ये तसंच आहे. मी नव्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलने जुना आकडा लिहिते, फक्त रोज लागणाऱ्या तीस-पस्तीस कलमांचा.

जुनी सनद | 16 ऑगस्ट, सकाळी 7:20

मी ताईंच्या बाजूने आहे. साक्ष्य तुला सहाव्या सत्रात आहे, तेव्हा ते नव्या अधिनियमावरूनच वाच, पण एकेक कलम कोर्टातल्या कागदावर ठेवून. उदाहरण देतो. आरोपीने पोलिसांना सांगितलं, कोयता विहिरीजवळच्या बाभळीखाली पुरलाय, मी त्यानेच मारलं. पंच घेऊन गेले, कोयता निघाला. त्या निवेदनातला कुठला भाग वाचता येतो? जुन्या कलम 27 चं आता कलम 23 च्या परंतुकात रूपांतर झालंय. ‘मी त्यानेच मारलं’ हे जात नाही, कोयता कुठे पुरला तेवढंच जातं. आणि पंच साक्षीला येऊन म्हणाला, ‘माझी सही पोलीस ठाण्यातच घेतली’, तर सरकारी वकील काय करणार? कलम 157, जुनं 154. हे मुलांना शिकवताना मी मेमोरंडम पंचनाम्याची खरी नक्कल देतो आणि पेन्सिलने एकेक शब्द खोडायला लावतो. तू एखाद्या फौजदारी वकिलाच्या ऑफिसात शनिवारी जाऊन एक निकाली फाइल मागून घे.

न्याय संहिता मात्र आत्ता नको. ती 358 कलमांची आहे, वाचायला सोपी आहे, म्हणूनच ती सहाव्या सत्रानंतरच्या सुट्टीत ठेव. सुरक्षा संहिता सनद मिळाल्यावर, रिमांड आणि जामीन बघत बघत.

मांडवीचा वारा | 16 ऑगस्ट, सकाळी 11:00

आणि संविधान? ते कुणाच्याच क्रमात दिसत नाही.

जुनी सनद | 16 ऑगस्ट, रात्री 8:50

पूर्व परीक्षेत येतं, मुख्यच्या दोन्ही पेपरांत त्याला तसा वेगळा भाग नाही. म्हणून मी ते पूर्व परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत घेतो. यावर दुमत असू शकतं. मुलाखतीत न्यायव्यवस्थेवरचे प्रश्न येतात, तेव्हा संविधान कच्चं असलं की लगेच उघडं पडतं, हे मी माझ्या दोन ज्युनिअर्सच्या बाबतीत बघितलंय.

तालुका कोर्ट | 16 ऑगस्ट, रात्री 9:30

गोदाकाठ, एक व्यवहाराची गोष्ट. सिनियर निवडताना त्यांच्या सनदेची तारीख विचार. माझ्या मैत्रिणीचे सिनियर फार चांगले वकील आहेत, पण त्यांची आठच वर्षं झालीत, म्हणजे आज त्यांच्या दाखल्याचा उपयोग नाही. दोन वर्षांनी त्यांची दहा पूर्ण होतील, पण ती वेळ साधेल का याची चिंता तिला कशाला? आणि पहिल्या दिवसापासून वकालतनाम्यावर तुझं नाव लाव, रोजनाम्याच्या नकला जपून ठेव. उद्या अनुमोदनासाठी गेल्यावर दाखवायला काहीतरी हवं.

सनदेची फी किती मागतात तेही बघ. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही.

गोदाकाठ | 17 ऑगस्ट, सकाळी 8:15

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लासचं वेळापत्रक काढून टाकलं. डिसेंबरपर्यंत रोज दोन तास सीपीसी आणि लिमिटेशन, दाव्याच्या वाटेने. रविवारी अशी एक गोष्ट, त्यातून टीपीए आणि स्पेसिफिक रिलीफ. तिसरा तास कॉलेजच्या बाकी विषयांना आणि ड्राफ्टिंगच्या वहीला. सहाव्या सत्रात साक्ष्य, सुट्टीत न्याय संहिता.

काल आजोबांच्या दाव्याची फाइल माळ्यावरून काढली. वादपत्रावरची तारीख आणि खरेदीखताची तारीख बघितली. आमच्या वकिलांनी मनाईचा अर्ज, निशाणी 5, दाव्यासोबत दिलाच नव्हता, दीड वर्षांनी दिला, आणि तोपर्यंत समोरच्यांनी अर्धी जमीन विकलेली होती. लहानपणी एवढंच कळायचं की तारीख पडली. काल कळलं की तो अर्ज पहिल्याच दिवशी देता आला असता.

एकच प्रश्न राहिला. मुख्य परीक्षेची उत्तरं मी मराठीत लिहू की इंग्रजीत? कॉलेजात इंग्रजीत लिहिते, पण आमच्या तालुका कोर्टातला सगळा पुरावा मराठीत असतो.

तालुका कोर्ट | 17 ऑगस्ट, रात्री 10:05

मी मराठीत लिहिलं. साक्ष, उलटतपास, मुद्दे रोज मराठीत येतात, हात चालतो. पण ‘स्पेसिफिक परफॉर्मन्स’ला मराठी शब्द आठवताना दहा सेकंदं जातात, आणि अशा पंचवीस शब्दांची यादी मला आधी करायला लागली.

जुनी सनद | 18 ऑगस्ट, सकाळी 6:40

माझे दोन ज्युनिअर इंग्रजीत लिहून निवडले गेले, एक मराठीत. आत्ता ठरवू नकोस. ती साठेखताची गोष्ट एकदा मराठीत लिही, एकदा इंग्रजीत, दोन्ही वेळेला घड्याळ लावून. दोन्ही कागद इथे टाक, मी बघतो.